राधिका बदलली की विसरली? नागपूरच्या एका नायिकेचा प्रकरण अभ्यास

झी मराठीवर २२ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेली 'माझ्या नवऱ्याची बायको' ७ मार्च २०२१ रोजी संपली. मूळची नागपूरची, नागपुरी बोलणारी राधिका सुभेदार ही या मालिकेची नायिका. अनिता दाते-केळकर यांनी ती साकारली. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे कळल्यावर हादरलेली ही गृहिणी पुढे मसाल्यांचा धंदा उभा करते, मोठ्या कंपनीची प्रमुख होते, नवरा गुरुनाथपासून वेगळी होते आणि सौमित्रशी दुसरं लग्नही करते. साडेचार वर्षांत एका बाईच्या आयुष्यात इतकं घडलं, तर तिचा स्वभाव बदलणार हे उघड आहे.

तरीही अशा पात्राबद्दल प्रेक्षक दोन तक्रारी करतात आणि त्या बहुतेक वेळा एकाच दमात येतात. पहिली: "ही आता आपली राहिली नाही." दुसरी: "एवढी कंपनी चालवते, अन् हिला एवढंही समजत नाही?" ऐकायला दोन्ही सारख्याच, पण त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिलीचं म्हणणं, पात्र फार बदललं. दुसरीचं म्हणणं, पात्राने जे शिकायला हवं होतं ते शिकलंच नाही. दोन्हींवर एकच औषध दिलं की पात्र आणखी बिघडतं. म्हणून या तक्रारी वेगळ्या काढणं आणि लेखकाच्या हातात कोणते उपाय असतात ते पाहणं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

दैनंदिन मालिकेत 'सीझन' नसतो

स्वभावबदलाची चर्चा बहुधा परदेशी मालिकांच्या हिशोबाने होते. तिथे एक सीझन संपतो, मध्ये काही महिने जातात आणि पुढचा सुरू होतो. त्या रिकाम्या जागेत पात्राच्या आयुष्यात काहीही घडलेलं असू शकतं. नव्या सीझनमध्ये ते जरा वेगळं दिसलं तरी प्रेक्षक मनातल्या मनात ती जागा भरून घेतो.

आपल्याकडच्या मालिकेला ही सोय नाही. आठवड्याला ६ भाग म्हणजे वर्षाला ३१२. अमेरिकेतली 'मॅश' ही मालिका १९७२ ते १९८३ अशी ११ सीझन चालली आणि तिचे एकूण भाग २५६. म्हणजे अर्ध्या तासाच्या मराठी मालिकेचं एकच वर्ष भागांच्या संख्येत त्या अकरा सीझनना मागे टाकतं. राधिकेसारखं पात्र आपण रोज संध्याकाळी पाहतो. काल ती कशी बोलली ते आज आठवत असतं. तिला बदलायला पडद्यामागे वेळच मिळत नाही, जे बदलायचं ते डोळ्यांदेखत बदलावं लागतं. मराठी मालिकांना 'लीप' इतका हवासा का वाटतो, त्याचं कारणही हेच. पाच-सात वर्षांची उडी म्हणजे कृत्रिमपणे तयार केलेला सीझनचा मोकळा काळ.

एक पात्र, चार हात

पडद्यावर राधिका एकच दिसते, पण दैनंदिन मालिकेतलं कुठलंही पात्र अनेक हातांतून जातं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि वाहिनीकडून ट्रॅक, म्हणजे काही आठवडे चालणारं कथानक, कुठे वळवायचा हे सांगणारा चौथा. मालिका लांबली की यातला एखादा माणूस बदलतोच. नव्या संवादलेखकाला आधीचे शेकडो भाग पाहणं शक्य नसतं. त्याच्या हाती येतो पात्राचा सारांश. 'नागपूरची, साधी, स्वयंपाकात हुशार, मनाने खंबीर' असं चार शब्दांचं पात्र मग तो पानोपानी लिहितो. मूळ पात्रात असलेली पण सारांशात न आलेली गोष्ट, उदाहरणार्थ राग आल्यावर ती ओरडत नाही, उलट गप्प होते, ती तिथेच गळून पडते. जी सारांशात आहे ती वाढत जाते. 'द सिम्पसन्स'मधल्या नेड फ्लँडर्स या शेजाऱ्याचं असंच झालं. धार्मिक हा त्याच्या अनेक गुणांपैकी एक होता, तोच पुढे सगळा फ्लँडर्स झाला. या प्रकाराला इंग्रजीत त्याचंच नाव पडलं आहे.

आणखी एक कारण वेळापत्रकातलं आहे आणि ते बाहेरून दिसत नाही. बार्कचे प्रेक्षकसंख्येचे आकडे शनिवार ते शुक्रवार या आठवड्याचे असतात आणि पुढच्या गुरुवारी येतात. शनिवारच्या भागाला लोकांनी काय प्रतिसाद दिला ते कळायला बारा दिवस जातात. तोवर पुढचे आठ-दहा भाग दाखवून झालेले असतात, त्यापुढचे काही चित्रित झालेले असतात. नायिका कणखर झाली आणि आकडा घसरला असं दिसलं, की तिला पुन्हा हळवी करायचं ठरतं. पण तो निर्णय पडद्यावर येईपर्यंत कणखर नायिकेचे आणखी भाग गेलेले असतात. मग एका सोमवारी ती अचानक रडायला लागते. प्रेक्षकाला ते स्वभावातलं वळण वाटतं. खरं तर तो दोन आठवडे उशिराने फिरवलेला सुकाणू असतो.

खरा रोग: शहाणपण शून्यावर येणं

आता दुसरी तक्रार, जी जास्त गंभीर आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको'चा पाया असा होता: गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया डाव टाकणार, राधिकेला तो उशिरा कळणार, मग ती दोघांना धडा शिकवणार. हा आकृतिबंध मालिकेत पुन्हा पुन्हा आला. एका फेरीत तो उत्तम चालतो. अडचण दुसऱ्या फेरीपासून सुरू होते. पहिल्या धड्याअखेर नायिका जे शिकली ते तिने वापरलं, तर दुसरा डाव पहिल्याच भागात उघडा पडेल आणि ट्रॅक संपेल. ट्रॅक तर पाच-सहा आठवडे चालायचा असतो. मग सगळ्यात सोपी वाट म्हणजे तिला ते विसरायला लावणं.

इथे तिचा स्वभाव बदललेला नसतो, तिची आठवण पुसलेली असते. एका ट्रॅकच्या शेवटी ती वाघीण असते आणि पुढच्या ट्रॅकच्या सुरुवातीला भोळी. प्रेक्षक या दोन टोकांकडे पाहतो आणि 'हिचा स्वभाव एकसारखा नाही' असा निष्कर्ष काढतो. ओळखण्याची खूण साधी आहे. बदललेलं पात्र जुन्या प्रसंगाचा उल्लेख करतं, निदान त्या जागी थबकतं. आठवण पुसलेलं पात्र तो प्रसंग घडलाच नाही असं वागतं. सलग दोन ट्रॅक पाहा. दुसऱ्याच्या पहिल्या आठवड्यात नायिकेच्या तोंडी किंवा वागण्यात पहिल्याचा मागमूस नसेल, तर तो स्वभावबदल नाही.

यावर लिखाणाच्या टेबलावर चालणारा उपाय म्हणजे प्रत्येक मुख्य पात्राची एक वही. त्यात घडलेल्या घटना तर असतातच, पण त्याहून महत्त्वाचा रकाना असतो 'यापुढे ही काय करणार नाही' हा. कोऱ्या कागदावर सही करून फसली, तर पुढच्या रकान्यात लिहायचं: न वाचता सही करणार नाही. नवा ट्रॅक ठरवताना आधी हा रकाना वाचायचा. ट्रॅक त्याच्याशी भिडत असेल, तर नायिकेला नाही, ट्रॅकला वाकवायचं.

ट्रॅक वाकवायचा म्हणजे काय: एक दृश्य

इथे राधिका बाजूला ठेवू आणि अभ्यासापुरती एक निनावी नायिका धरू. हीसुद्धा नागपूरची, मिरची-मसाल्याच्या व्यापारातली, हिंगणा एमआयडीसीत छोटा कारखाना असलेली. दोन वर्षांपूर्वीच्या ट्रॅकमध्ये न वाचता सही करून ती फसलेली आहे. नव्या ट्रॅकमध्ये दिराला भागीदारीच्या करारातून तिचा कारखाना बळकवायचा आहे. सहा पानांच्या करारातलं चौथं पान त्याने बदललंय.

घाईत लिहिलेलं दृश्य असं असतं. घरात पूजा आहे, नायिका प्रसादाच्या गडबडीत, दीर कागद पुढे करतो, ती पदराला हात पुसत सही करते. शेवटी कॅमेरा दिराच्या हसण्यावर थांबतो. दोन मिनिटांत काम होतं आणि दोन वर्षांचं पात्र संपतं.

तेच दृश्य वहीतला रकाना वाचून लिहिलं तर असं होतं:

"भाऊजी, ह्या चौथ्या पानाचा पांढरा वेगळा दिसून राहिला."

"झेरॉक्सवाल्याकडचा कागद संपला असंल, वहिनी."

"मिरची यंदाची का मागच्या सालची, ते मले रंगावरून कळते. कागद नाही कळणार का?"

दीर गप्प. मग खरी गोष्ट बाहेर येते, म्हणजे निदान अर्धी: सासूबाईंचं नागपूरच्या महाल भागातलं घर त्याने गहाण टाकलंय, हा करार दाखवल्याशिवाय बँक थांबणार नाही. नायिका आतल्या खोलीकडे पाहते. सासूबाई जपमाळ ओढत बसलेल्या असतात. ती पान पुन्हा वाचते, मोबाइलवर त्याचा फोटो काढते आणि सही करते.

"आईंच्या घरासाठी करून राहिली मी सही. तुमच्यावर विश्वास ठेवून नाही."

ट्रॅक दोन्ही आवृत्त्यांत सारखाच पुढे जातो. करार होतो, कारखाना धोक्यात येतो, पाच आठवडे मिळतात. फरक इतकाच की पहिल्या आवृत्तीत नुकसान तिच्या अज्ञानातून झालं आणि दुसरीत तिच्या मायेतून. माया हा तिचा पहिल्या भागापासूनचा गुण आहे, म्हणून पात्र तुटत नाही. शहाणपणही शाबूत राहतं, फोटो त्याची साक्ष आहे, आणि ट्रॅकच्या शेवटी तोच फोटो उपयोगी पडतो.

याची किंमत लेखकाला खलपात्राच्या बाजूने चुकवावी लागते. पहिल्या आवृत्तीतला दीर नुसता लबाड असला तरी भागतं. दुसरीत तो हुशार हवा: वहिनी वाचणार, तिला कळणार, आणि तरीही ती आईसाठी सही करणार, हे त्याला आधीच माहीत असायला हवं. यासाठी दिराचं एक वेगळं दृश्य लिहावं लागतं. अनेक मालिकांत नायिका भोळी होते ती खलनायकावर ही मेहनत घेतलेली नसते म्हणून.

दृश्य अचानक पडलं तर तेही पटत नाही, पेरणी लागते. वरच्या दृश्याआधीच्या दोन आठवड्यांत एक-एक मिनिटाचे तीन तुकडे पुरतात. साधारण नऊ भाग आधी नायिका कळमन्याच्या बाजारात रंग पाहून मिरचीचं पोतं नाकारते. सहा भाग आधी सासूबाई महालातल्या घराच्या ओट्याबद्दल काहीतरी सांगतात आणि नायिका ऐकत राहते. दोन भाग आधी ती एका पुरवठादाराचं बिल पानं उलटून दोनदा तपासते. तिन्ही तुकडे आपापल्या भागात दुसऱ्याच कारणासाठी आलेले असावेत. मिरचीचं दृश्य भावाच्या वादासाठी, बिलाचं दृश्य नोकराच्या चुकीसाठी. पेरणी म्हणून पेरलेलं दृश्य प्रेक्षक लगेच ओळखतो.

बोली हाही स्वभावच

नागपूरचं पात्र लांबत गेलं की सर्वांत आधी घसरते ती बोली, आणि नागपूरच्या प्रेक्षकाला ते इतरांच्या आधी ऐकू येतं. सुरुवातीच्या भागांत बोली जाणणारा कोणी संवाद तपासतो. पुढे वेळ नसतो आणि बोलीची दोन-तीन चिन्हं उरतात: 'काहून', 'बाप्पा' आणि प्रत्येक क्रियापदामागे 'राहिली'. नागपुरीत 'ती जेवून राहिली' म्हणजे ती आत्ता जेवते आहे. चालू असलेल्या कामासाठीच तो प्रयोग आहे. रोजच्या सवयीसाठी "मी रोज सहाला उठून राहिली" असं लिहिलं की बोली विनोदासाठी लावलेल्या मुखवट्यासारखी वाटते आणि ती बोलणारी बाईही हळूहळू विनोदी होते. स्वभाव कोणी बदललेला नसतो, व्याकरणाने बदललेला असतो.

यात एक बदल मात्र खरा आणि उपयोगाचा आहे. नागपूरचा माणूस ऑफिसात, बँकेत, मुंबईच्या पाहुण्यासमोर प्रमाण मराठीकडे सरकतो आणि घरी आईशी बोलताना परत 'मले-तुले'वर येतो. धंद्यात वर गेलेली नायिका बैठकीत प्रमाण बोलली तर ते पात्राला धरूनच आहे, फक्त तिने आपल्या माणसाशी बोलताना परतलं पाहिजे. ती आईशीही बैठकीसारखंच बोलू लागली, तर लेखकाने दोनांपैकी एक ठरवायला हवं. ही चूक असेल तर दुरुस्त करावी. मुद्दाम असेल तर आईने ते बोलून दाखवावं: "घरी आली तू, मिटिंगमध्ये नाही." या एका वाक्याने चुकीसारखी वाटणारी गोष्ट कथेचा भाग होते. लेखकांच्या स्पष्टीकरणांतला हा सर्वांत स्वस्त प्रकार आहे, पण तो एकदाच चालतो. दर महिन्याला कोणी ना कोणी "तू बदललीस" म्हणू लागलं की ती सबब ठरते.

चेहरा बदलतो तेव्हा

याच मालिकेतलं शनायाचं पात्र वेगळ्या कारणाने अभ्यासण्याजोगं आहे. रसिका सुनील यांनी साकारलेली शनाया २०१८मध्ये ईशा केसकर यांच्याकडे गेली आणि २०२०मध्ये पुन्हा रसिका सुनील यांच्याकडे आली. अशा वेळी मराठी मालिका सहसा काही समजावत नाहीत. पहिल्याच दृश्यात इतर पात्रं तिला नावाने हाक मारतात आणि प्रेक्षक स्वीकारतो. चेहऱ्याची सवय लवकर होते. उशिरा होते ती लयीची. एक अभिनेत्री वाक्याच्या आधी थांबते, दुसरी नंतर. एकीचा राग आवाज चढवून येतो, दुसरीचा डोळ्यांतून. संवादलेखकही काही आठवड्यांत नवीच्या लयीला साजेसं लिहू लागतो. मूळ अभिनेत्री परतते तेव्हा तिच्या वाट्याला दुसरीच्या मापाने शिवलेले संवाद येतात. अशा वेळी जुन्या काळातली पाच-सहा दृश्यं काढून वाक्यांची लांबी आणि थांबे ऐकणं, हे नव्याने पात्र समजून घेण्यापेक्षा जास्त कामाचं ठरतं.

एका दृश्यात मागची वर्षं पुन्हा वाचायला लावणं

आता पहिली तक्रार, "ही आपली राहिली नाही". खरोखर मोठा बदल पटवायचा असेल तर काय करतात, त्याचं उत्तम उदाहरण 'मॅश'मधली मार्गारेट हूलिहान आहे. लोरेटा स्विट यांनी केलेलं हे पात्र सुरुवातीला चेष्टेचा विषय होतं: शिस्तीची वेडी, टोपणनावाने हिणवली जाणारी मुख्य परिचारिका. शेवटच्या सीझनपर्यंत ती मालिकेतल्या सर्वांत जिवंत माणसांपैकी एक झाली. वळण देणारा भाग पाचव्या सीझनमधला, १९७६चा. हाताखालच्या परिचारिकांशी भांडण टोकाला गेल्यावर ती त्यांना विचारते, की तुमच्यापैकी कोणी कधी मला साधी कॉफी तरी विचारली का?

हे दृश्य काय करतं ते बारकाईने पाहावं. मार्गारेट बदलली असं ते म्हणत नाही. तिची आधीची शिस्त खोटी होती असंही म्हणत नाही. जी शिस्त आपण चार वर्षं पाहिली तिच्यामागे एकटेपण होतं, एवढंच सांगतं, आणि जुने सगळे भाग नव्या अर्थाने उभे राहतात. त्याच सीझनच्या अखेरीस तिचं लग्न झालं, तिचा जुना साथीदार फ्रँक बर्न्स मालिकेतून गेला, पुढे तिचं लग्नही मोडलं, आणि प्रत्येक पायरीला बदल दिसत गेला. पण तो पटला कारण मुळात त्या कॉफीचा प्रश्न होता.

याच्या उलट प्रकार म्हणजे भूतकाळात नवी घटना घुसवणं: अचानक समोर येणारी जुळी बहीण, कधीच उल्लेख नसलेलं पहिलं लग्न. दोन्हींत भूतकाळाला हात लागतो. पण पहिल्यात प्रेक्षकाने पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ बदलतो, दुसऱ्यात पाहिलेलं खोटं ठरतं. नवं रहस्य आणायचंच असेल, तर जुन्या भागांतली निदान तीन दृश्यं अशी शोधावीत, जी त्या रहस्याने अधिक नीट समजतात. तीन सापडली नाहीत तर ते रहस्य या पात्राचं नाही.

नागपूरच्या आपल्या निनावी नायिकेलाही हे लावता येतं. ती कंपनीत कठोर झाली, कामगारांवर ओरडते, घरच्यांना परकी वाटते. तिला एकदम मऊ करण्याऐवजी एक दृश्य लिहावं. कारखान्यातली जुनी बाई मिरची निवडताना विचारते, "ताई, तुम्ही आता डबा आमच्यासंगं काहून नाही खात?" नायिका सांगते, की फसवणुकीच्या त्या ट्रॅकमध्ये जी गोष्ट बाहेर फुटली, ती डबा खाताना तिनेच सहज बोललेली होती. जुना प्रसंग प्रेक्षकाने पाहिलेला आहे, त्यातला डबाही पाहिलेला आहे. कठोरपणाला कारण मिळालं आणि एकही नवी घटना रचावी लागली नाही.

मर्यादा

इथे दैनंदिन मालिकेची एक अडचण उरते. सहापैकी तीनच भाग पाहणाऱ्याकडून पेरलेला तुकडा सुटू शकतो. म्हणून मालिका कारण पुन्हा पुन्हा बोलून दाखवतात, नायिकाच आपल्या मनाचं स्पष्टीकरण आठवडाभर देत राहते, आणि स्वतःला इतकं समजावून सांगणारी बाई अधिकच भोळी दिसू लागते. उल्लेख परत आणायचाच असतो, पण तो वस्तूतून आणावा. नायिका टेबलावर एकटी बसते, समोर बंद डबा, बाजूच्या खोलीतून कामगारांच्या हसण्याचा आवाज. पंधरा सेकंद, संवाद नाही. मूळ दृश्य पाहिलेल्याला ते आठवतं. न पाहिलेल्याला एवढं नक्की कळतं, की ही बाई एकटी जेवते आणि तिला ते जड जातंय.